भिंतीच्या पोटात

काँक्रीट किती पातळ झालंय हे पाहायला बांधकामावर पत्र्याचा एक बिनबुडाचा शंकू वापरतात. उंची १२ इंच, वर अरुंद, खाली रुंद. त्यात माल भरायचा, सळईने ठोसायचा आणि शंकू हळूच सरळ वर उचलायचा. आधार गेला की ढीग खाली बसतो. जितके इंच बसला, तितका त्याचा ‘स्लंप’. घराच्या स्लॅबचा माल तीन-चार इंच बसला तर इंजिनिअर मान डोलावतो. आठ इंच बसला तर गाडी परत पाठवायची भाषा सुरू होते. पाणी जास्त झालं की काँक्रीट कमजोर, हे साइटवर घमेली उचलणाऱ्यालाही ठाऊक असतं.

अमेरिकेत पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीत ओतायच्या मालाचा स्लंप मात्र आठ ते अकरा इंच असावा, असा नियमच आहे. अकरा इंच म्हणजे शंकू उचलल्यावर एक इंच उंचीचं थारोळं उरतं, दाट वरण परातीत ओतावं तसं. हा माल म्हणजे ग्राउट. सिमेंट, वाळू, बहुधा थोडी बारीक खडी आणि भरपूर पाणी. तो घट्ट आला तर तिथला तपासनीस नाराज होतो. इतका पातळ माल भिंतीला बळकट कसा करतो, हे कळायला आधी ब्लॉकच्या आत डोकावावं लागतं.

नेहमीचा पोकळ ब्लॉक १६ इंच लांब, ८ इंच उंच आणि ८ इंच रुंद धरतात. प्रत्यक्षात तो सांध्याच्या जाडीइतका कमी असतो. त्याला उभी आरपार दोन भोकं असतात, प्रत्येक साधारण पाच इंच बाय सहा इंचांचं. थरावर थर अर्धा ब्लॉक सरकवून रचला की वरच्या ब्लॉकची भोकं खालच्यांच्या भोकांवर येतात आणि भिंतीत पायापासून माथ्यापर्यंत उभ्या नळ्या तयार होतात. नळ्या रिकाम्या ठेवल्या तर भिंत हलकी, स्वस्त आणि उन्हाळ्यात थोडी थंड. वरून येणारं ओझं ती बऱ्यापैकी पेलते. आडव्या रेट्यापुढे मात्र तिचं काही चालत नाही. वारा, मागे साठलेली माती किंवा भूकंप भिंतीला बाजूने ढकलतो तेव्हा ती वाकायला बघते. तिची एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते. काँक्रीट दाब सोसतं. ताण आला की सांधा उघडतो आणि ब्लॉक सुटे होतात.

कॅलिफोर्नियाला हा धडा विटांच्या भिंतींनी शिकवला. १० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी पाच वाजून ५४ मिनिटांनी लाँग बीच परिसरात भूकंप झाला. सुमारे १२० माणसं गेली. सत्तर शाळा पूर्ण निकामी झाल्या आणि आणखी १२० शाळांची मोठी पडझड झाली. बहुतेक इमारती लोखंड नसलेल्या विटांच्या. शाळा सुटून गेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. बरोबर महिन्याने, १० एप्रिलला, शाळांच्या बांधकामावर राज्याची कडक देखरेख बसवणारा ‘फील्ड अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. यापुढे दगडविटांच्या भिंतीतही लोखंड घालायचं हे ठरलं. पोकळ ब्लॉकमध्ये लोखंडासाठी जागा आयतीच होती. नळीत सळई उभी करायची आणि भोवती ग्राउट ओतायचं.

सळई एकटी काही करत नाही, हे इथे सांगायला हवं. रिकाम्या नळीत उभी असलेली सळई म्हणजे डब्यातली काडी. भिंत वाकली तरी तिला पत्ता लागत नाही. ग्राउट तिला चहूबाजूंनी धरून ब्लॉकच्या आतल्या अंगाला चिकटवतं, तेव्हाच ब्लॉकवरचा ताण सळईपर्यंत पोचतो. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात लॉस एंजेलिसच्या बाजूला घराघरांच्या कुंपणाच्या ब्लॉक-भिंती आडव्या झाल्या. त्यांतल्या कितीतरी भिंतींत सळईच नव्हती, आणि काहींत सळई असूनही तिच्याभोवती ग्राउट नव्हतं.

आता समजा, एका गोदामाची २० फूट लांब आणि १० फूट उंच भिंत आहे. एका थरात १५ ब्लॉक, म्हणजे ३० नळ्या. उंचीत १५ थर. हिशेब करणाऱ्याने दर चार फुटांवर एक सळई सांगितली आहे, दोन्ही टोकं धरून सहा. उरलेल्या २४ नळ्या रिकाम्याच राहणार. एका नळीत दहा फुटांत साधारण ६० लिटर ग्राउट मावतं, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. सहा नळ्यांना ३६० लिटर. पन्नास किलोची तीनेक पोती सिमेंट लागेल, फार नाही. पण या चोवीस बादल्या कुठे गेल्या हे कोणालाच दिसत नाही. स्लॅबची सेंट्रिंग काढली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं काँक्रीट डोळ्यांसमोर येतं. इथे ब्लॉक हेच सेंट्रिंग आहे आणि ते कधीच निघत नाही. ग्राउटिंगचे बहुतेक नियम या न दिसण्यातून आले आहेत.

पाण्याचं कोडं पहिलं. काँक्रीटचा ब्लॉक तहानलेला असतो. ग्राउट नळीत पडलं की चारी बाजूंच्या कोरड्या भिंती त्यातलं पाणी ओढू लागतात. माल घट्ट असेल तर वाटेतच त्याचं पाणी जातं, तो सळईला किंवा सांध्याच्या कडेला अडकून बसतो आणि खाली पोकळी राहते. पातळ माल तळापर्यंत धावतो, कानाकोपऱ्यात शिरतो आणि मग ब्लॉक त्यातलं जादा पाणी काढून घेतो. ओतताना भरपूर असलेलं पाणी माल आवळेपर्यंत बरंचसं निघून गेलेलं असतं. म्हणजे ‘पाणी जास्त, काँक्रीट कमजोर’ हा नियम इथे मोडलेला नाही. पाण्याचा हिशेब फक्त नंतर, भिंतीच्या आत पुरा होतो.

म्हणूनच ग्राउटचा नमुना लोखंडी साच्यात घेत नाहीत. लोखंड पाणी पीत नाही, त्यामुळे त्यातला नमुना भिंतीतल्या मालापेक्षा कमजोर निघेल आणि चांगल्या ग्राउटवर नाहक ठपका येईल. अमेरिकी पद्धत मजेदार आहे. भिंतीसाठी आणलेलेच चार ब्लॉक असे उभे मांडतात की मध्ये तीन इंच चौरस आणि सहा इंच उंच खोबण राहील. ब्लॉकच्या अंगाला आतून कागदी टॉवेल लावतात. पाणी कागदातून ब्लॉकमध्ये जातं, पण माल ब्लॉकला चिकटत नाही. या खोबणीत ग्राउट भरून जो चौकोनी खांब मिळतो, तो २८ दिवसांनी दाबून फोडतात. किमान ताकद २००० पौंड प्रति चौरस इंच लागते, आपल्या मापात जवळपास १४ मेगापास्कल. आकडा अचाट नाही. नळी पूर्ण भरली असेल तर तेवढ्यावर भागतं.

ब्लॉकच्या याच तहानेमुळे आपल्याकडची एक सवय मोडावी लागते. विटा पाण्यात भिजवून लावायच्या हे इकडच्या गवंड्याच्या हातात बसलेलं असतं. काँक्रीटचे ब्लॉक मात्र भिजवून लावायचे नसतात. पोकळ ब्लॉकच्या बांधकामाची भारतीय संहिता, आयएस २५७२, हेच सांगते. फार ऊन असेल तर सांध्याला लागणाऱ्या बाजू किंचित ओलावाव्यात, एवढीच सूट. भिजलेला ब्लॉक नंतर सुकताना आक्रसतो आणि भिंतीला तडे देतो. शिवाय ग्राउटमधलं पाणी शोषायचं त्याचं कामही तो नीट करत नाही.

दुसरी सवय त्याहून चिवट. संध्याकाळी सांध्याचा मसाला उरला की तो जवळच्या नळीत ढकलून द्यायचा. ‘भरायचंच आहे ना, मग वाया कशाला?’ पण मसाला चिकट असावा म्हणूनच तसा केलेला असतो. थापीवर बसावा, सांध्यातून ओघळू नये, हे त्याचे गुण. नळीत टाकल्यावर तेच गुण नडतात. तो दोन-तीन थर खाली जाऊन कडेला चिकटतो आणि बुचासारखा बसतो. वरून नळी भरलेली दिसते, बुचाखाली हवा असते. स्लॅबचं उरलेलं काँक्रीटही चालत नाही. त्यातली २० मिलिमीटरची खडी सळई आणि ब्लॉक यांच्यामधल्या फटीत अडकते. ग्राउटची खडी दहा मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे बारीक कच म्हणतात त्या जातीची. मोजमाप ढोबळ आहे. एक भाग सिमेंटला सव्वादोन ते तीन भाग वाळू आणि एक ते दोन भाग ही बारीक खडी. नळी फार अरुंद असेल तर खडी गाळून नुसती वाळू.

सळई उभी करायचं काम मात्र ऐकायला सोपं आणि करायला किचकट. पाया ओततानाच त्यातून सहा खुंट्या वर काढून ठेवाव्या लागतात, आणि त्या पुढे येणाऱ्या नळ्यांच्या बरोबर मध्ये याव्या लागतात. पायाच्या वेळी भिंत नसते, फक्त दोरी असते. त्यामुळे एखादी खुंटी हमखास चुकते आणि ब्लॉकच्या आडव्या भिंतीखाली येते. अशा वेळी हातोडा मारून ती एकदम वाकवायची नसते. सहा इंच उंचीत एक इंच, इतक्या मंद उताराने वळवायला परवानगी असते. त्याहून जास्त चुकली असेल तर इंजिनिअरला विचारायचं.

दहा फुटांची अखंड सळई आधीच उभी केली तर प्रत्येक ब्लॉक तिच्या टोकावरून ओवून खाली आणावा लागतो. पंधरा-वीस किलोचा ब्लॉक डोक्यावर दहा फूट उचलायचा आणि बांगडीसारखा खाली सरकवायचा. दिवसभरात असे किती ब्लॉक होतील हे गवंड्यालाच विचारावं. भारताच्या भूकंपरोधक बांधकामाच्या संहितेने, आयएस ४३२६ने, ही अडचण मोकळेपणाने मान्य केली आहे. सळया आखूड करून जोड दिले तर लोखंड वाया जातं, आणि चिंचोळ्या नळीत त्या जोडाची पकड कितपत बसेल याचीही शंका राहते, असं ती म्हणते. तिने सुचवलेली एक वाट म्हणजे तीन बाजूंचा, यू आकाराचा ब्लॉक. तो उचलून ओवावा लागत नाही, बाजूने सळईला मिठी मारतो. अमेरिकेत एका टोकाला उघडे आणि दोन्ही टोकांना उघडे असे दोन प्रकार याच कामासाठी मिळतात. हे हाताशी नसेल तर भिंत आधी रचायची आणि सळई शेवटी वरून सोडायची. मग ती खालच्या खुंटीशी पुरेशी शेजारी उभी राहायला हवी. अमेरिकेत बराच काळ चालत आलेला ढोबळ नियम सळईच्या जाडीच्या ४८ पट जोडाचा होता. १६ मिलिमीटरच्या सळईला म्हणजे अडीच फूट. तेवढ्या उंचीत एका नळीत दोन सळया आणि त्यांच्या भोवती ग्राउट, अशी दाटी होते. सळई एका बाजूला टेकून चालत नाही. खडीचं ग्राउट असेल तर तिच्या आणि ब्लॉकच्या मध्ये निदान अर्धा इंच मोकळा लागतो. म्हणून मधल्या थरांत तारेचे आडवे अडकवे घालून तिला मध्यावर धरतात.

महाराष्ट्रात ब्लॉकची बहुतेक घरं काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या सांगाड्यात उभी असतात. भार सांगाडा घेतो, ब्लॉक फक्त आडोसा करतात आणि त्यांची पोटं रिकामी राहतात. त्या भिंतींत प्रत्येक नळी भरायला निघणं म्हणजे उगाच वजन वाढवणं. प्रश्न येतो तो सांगाडा नसलेल्या घराचा, जिथे छप्पर थेट ब्लॉकच्या भिंतीवर टेकतं, आणि उंच कुंपणाचा किंवा माती अडवणाऱ्या भिंतीचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत घरं कोसळली ती दगडमातीच्या जाड भिंतींची, ब्लॉकची नव्हे. तरी एक गोष्ट तिथूनच घ्यावी लागते. तेव्हाच्या नकाशात तो भाग भूकंपाच्या सर्वांत सौम्य पट्ट्यात होता. ‘आमच्याकडे भूकंप होत नाही’ या भरवशावर कोपऱ्यातली आणि दरवाजाच्या बाजूची सळई वाचवणारा मालक नकाशाच्या जिवावर तेवढं लोखंड वाचवत असतो.

भिंत रचताना गवंड्याला आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पोकळ ब्लॉकला मसाला सहसा फक्त पुढच्या आणि मागच्या पट्टीवर लावतात. पण ज्या नळीत ग्राउट पडणार, तिच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या भिंतींवरही मसाला हवा, नाहीतर ग्राउट शेजारच्या रिकाम्या नळीत पाझरतं. आणि मसाला आत फुगून येता कामा नये. ब्लॉक दाबला की सांध्यातून आतल्या बाजूला जीभ बाहेर येते. अर्ध्या इंचाहून मोठी जीभ ओली असतानाच काठीने तोडायची. ती खाली पडते, म्हणून तळाशी वाळूचा थर किंवा प्लॅस्टिक आधीच घालून ठेवतात.

हा कचरा काढायचा कुठून? उदाहरणातली भिंत दहा फूट एकदम रचून मग भरायची आहे. भरायची उंची पाच फूट चार इंचांहून जास्त असेल तर प्रत्येक भरायच्या नळीच्या तळाशी खिडकी ठेवावी, असा अमेरिकी नियम आहे. सर्वांत खालच्या ब्लॉकची पुढची पट्टी कापून निदान तीन इंचांचं भोक. इथे अशी सहा. खाली पडलेला मसाला, वाळू, सिगारेटची थोटकं, चहाचे कप हे सगळं त्यातून ओढून काढतात. मग तिथे आरसा धरतात. ऊन चांगलं असेल तर आरशाने कवडसा नळीत वर पाठवता येतो, आणि दहा फुटांपर्यंतची प्रत्येक जीभ, सळईचा कल आणि शेवटी आभाळाचा छोटा चौकोन दिसतो. आभाळ दिसलं तर नळी मोकळी. मगच खिडक्या फळीने बंद करून पक्क्या टेकू लावतात.

टेकू पक्के का, ते आकड्यात पाहण्यासारखं आहे. ओलं ग्राउट पाण्याच्या दुपटीहून जड असतं. नळी दहा फूट एका दमात भरली तर तळाच्या ब्लॉकच्या पट्टीवर, म्हणजे साधारण सहा इंच बाय आठ इंच जागेवर, दोनशे किलोच्या घरात रेटा येतो. कालच रचलेला सांधा तो सोसेलच असं नाही. ब्लॉक फुटून ग्राउट बाहेर धावलं की नळी रिकामी करून नव्याने सुरुवात. म्हणून दहा फूट दोन टप्प्यांत भरतात, पाच-पाच फुटांचे. ग्राउट पुरेसं पातळ असेल, भिंत निदान चार तास सुकली असेल आणि मध्ये आडवा पट्टा नसेल तर टप्पा पावणेतेरा फुटांच्या जवळपास नेता येतो.

ओतलं की काम अर्धंच झालं. आत हवेचे बुडबुडे असतात. पाऊण-एक इंच जाड तोंडाचा बारीक व्हायब्रेटर नळीत सोडून थोडा वेळ चालवतात आणि सावकाश वर काढतात. मग थांबायचं. काही मिनिटांत ब्लॉक पाणी ओढतो, तेवढं आकारमान कमी होतं आणि माल खाली बसतो. तो सळईपासून, सांध्यांपासून किंचित सुटतो. माल अजून मऊ असतानाच व्हायब्रेटर पुन्हा सोडला तर ती भेग मिटते. घाईत ही दुसरी फेरी हमखास गाळली जाते, कारण वरून भिंत पूर्ण भरलेली दिसत असते. व्हायब्रेटर टाळायचा असेल तर आपोआप पसरणारं ग्राउट मिळतं. शंकू उचलल्यावर त्याची २४ ते ३० इंच व्यासाची चकती होते. ते महाग पडतं, आणि प्रमाण चुकलं तर खडी तळाला जाते.

काम तासाभराहून जास्त थांबणार असेल तर ग्राउट ब्लॉकच्या काठापर्यंत भरत नाहीत. दीड इंच खाली ठेवतात, म्हणजे पुढचा टप्पा त्या खाचेत जाऊन बसतो आणि जोड नेमका ब्लॉकच्या सांध्यात येत नाही.

आता पुन्हा त्या गोदामाच्या भिंतीकडे. पाच नळ्यांनी चार-चार बादल्या घेतल्या. डावीकडून तिसरी नळी तीन बादल्यांतच तोंडापर्यंत भरली. हिशेबाप्रमाणे आत पंधरा लिटरची, म्हणजे अडीच फुटांची पोकळी आहे, आणि ती कुठे आहे हे भिंतच सांगते. ग्राउटमधलं पाणी ब्लॉकमधून बाहेर झिरपतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी भरलेल्या नळ्या भिंतीवर गडद ओल्या पट्ट्यांसारख्या उमटतात. पाच पट्ट्या पायापासून माथ्यापर्यंत सलग. तिसरी मात्र जमिनीपासून चार फुटांवर तुटते आणि साडेसहा फुटांवर पुन्हा सुरू होते. तिथे हातोडीने ठोकलं की वर-खाली ठक्क आवाज येतो, मध्ये ढब्ब. खात्रीसाठी ड्रिलने एक बारीक भोक पाडतात. गिरमिट पट्टीतून जाऊन एकदम मोकळं सुटलं तर शंका उरत नाही.

अशी जागा सापडली तर भिंत पाडत नाहीत. पोकळीच्या वरच्या टोकाला ब्लॉकची पट्टी कापून खिडकी करतात. खाली अडकलेली मसाल्याची जीभ दिसली तर छिन्नीने काढतात. मग नरसाळ्याने बारीक वाळूचं पातळ ग्राउट आत सोडतात, ते खिडकीच्या काठाला येईपर्यंत. शेवटी कापलेला तुकडा मसाल्यात बसवून सांधा पुसतात. एका भोकाला अर्धा दिवस जातो. गवंडी पुढच्या भिंतीला लागतो तेव्हा उरलेला मसाला घमेल्यातच ठेवलेला असतो.